चेकचा फोटो, की फोटोचाच चेक?

हल्लीच्या फोनचा कॅमेरा एका फोटोत सहज एक कोटी वीस लाख रंगीत ठिपके टिपतो. तोच फोटो अमेरिकेतल्या एखाद्या बँकेच्या ॲपमध्ये चेक म्हणून भरला, की आधी त्यातले रंग काढून टाकले जातात, मग करड्या छटा जातात आणि शेवटी जेमतेम साडेसहा लाख ठिपके उरतात. तिथला वैयक्तिक चेक सहा इंच लांब आणि पावणेतीन इंच रुंद असतो. इंचाला २०० ठिपके धरले तर १,२०० गुणिले ५५०, म्हणजे ६,६०,००० ठिपके. त्यातला प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. मधलं काही नाही. एवढ्यावर विसंबून एक बँक दुसऱ्या बँकेला हजारो डॉलर देते आणि मूळ कागद ज्याच्या हातात होता त्याच्याच टेबलाच्या खणात पडून राहतो.

हा प्रकार मी जवळून पाहिला तो अमेरिकेत नव्हे, चलथाणमध्ये. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे छोटं स्टेशन. इथला सहकारी साखर कारखाना आणि आजूबाजूच्या कापडगिरण्या यांच्या ओढीनं धुळे, नंदुरबार, जळगावकडची कितीतरी कुटुंबं या पट्ट्यात येऊन राहिली. त्यांची पुढची पिढी आणखी लांब गेली. आमची एक भाची न्यू जर्सीत असते. ती लग्नासाठी आली तेव्हा तिच्या पर्समध्ये जुन्या भाड्याच्या घराच्या डिपॉझिटचा परतावा होता, १,४५० डॉलरचा चेक. निघायच्या गडबडीत भरायचा राहिला होता. तिच्या बँकेच्या अटींत भारतातून फोटो पाठवायला मनाई नव्हती (काही बँका देशाबाहेरून काढलेला फोटो घेतच नाहीत, म्हणून अटी आधी वाचायच्या). तिनं ओसरीतल्या पांढऱ्या फरशीवर चेक ठेवला, फोन वर धरला आणि थोड्या वेळानं वैतागून म्हणाली, “मामा, हे घेतच नाही बघा. चेक समोर दिसतोय, तरी म्हणतं चारही कोपरे दाखवा.”

ॲपचं म्हणणं बरोबर होतं. चेक म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. ते फक्त चार सरळ कडा शोधतं, ज्यांच्या एका बाजूला उजेड आहे आणि दुसऱ्या बाजूला अंधार. पांढऱ्या फरशीवर फिकट चेक ठेवला तर कडा सापडणार कुठून? उलट दोन फरश्यांमधली सिमेंटची रेघ जास्त ठळक दिसते आणि ॲप तिलाच चेकची कड समजतं. आम्ही गडद निळी, बिननक्षीची चादर चौपदरी घडी घालून पसरली, वर चेक ठेवला आणि कोपरे लगेच सापडले.

कोपरे सापडल्यावर जे घडतं ते नवलाचं आहे. फोन थोडा जरी तिरका असला तरी फोटोतला चेक काटकोनी राहत नाही; जवळची बाजू लांब आणि दूरची आखूड दिसते. चार कोपऱ्यांच्या जागांवरून गणित करून सॉफ्टवेअर तो चौकोन ओढून-ताणून पुन्हा सरळ आयत करतं. पण ताणलेल्या भागात नवा तपशील येत नाही. म्हणून फार तिरका फोटो सरळ दिसला तरी अक्षरं पसरट होतात आणि तो नाकारला जातो. फोन चेकच्या बरोबर वर, फरशीला समांतर धरायचा तो यासाठी.

मग येतो खरा निवाडा, काळं की पांढरं. प्रत्येक ठिपक्याची उजळी शून्य ते २५५ या मापात मोजली जाते आणि एका मर्यादेच्या अलीकडचं सगळं काळं, पलीकडचं सगळं पांढरं ठरवलं जातं. जुन्या झेरॉक्स मशीनवर फिकट पेन्सिलचं लिखाण गायब व्हायचं आणि घडीची सावली काळा पट्टा होऊन उमटायची, तसंच इथं होतं. चांगली सॉफ्टवेअर ही मर्यादा चेकच्या प्रत्येक भागासाठी वेगळी ठरवतात, तरी त्यांनाही हद्द आहे. आपण फोन वर धरतो तेव्हा त्याचीच सावली कागदावर पडते. मागे ट्यूबलाइट असेल तर ती सावली बरोबर रकमेच्या चौकटीवर येते. फ्लॅश लावला तर उलटा घोटाळा: मध्यभागी चकाकीचा गोळा पडतो आणि तिथली सही पांढऱ्यात विरघळते. सर्वांत बरा उजेड म्हणजे दिवसा खिडकीजवळचा, थेट ऊन नसलेला. आणि फ्लॅश बंद.

या काळ्या-पांढऱ्या चित्राची तपासणी माणूस करत नाही, आधी यंत्र करतं. अमेरिकेतल्या बँकांनी चित्राच्या दर्जासाठी कसोट्या ठरवल्या आहेत: काळे ठिपके फारच कमी आहेत का, म्हणजे चित्र फिकट, फारच जास्त आहेत का, म्हणजे गडद, कोपरा दुमडलेला किंवा फाटलेला आहे का, चेक वाकडा बसला आहे का, फोकस गेला आहे का. यातली एक कसोटी मला फार आवडते. चेकच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या चित्रांची मापं जुळतात का, हे यंत्र पाहतं. एकाच कागदाच्या दोन बाजू सारख्याच मापाच्या असणार. त्या जुळल्या नाहीत तर एका बाजूची कड कापली गेली आहे, किंवा मागची बाजू भलत्याच चेकची आहे. पुढचा फोटो जपून काढून मागचा घाईत उरकणारे इथं सापडतात.

चेकच्या तळाशी जाड-बारीक रेघांचे चमत्कारिक आकडे असतात. ते चुंबकीय शाईनं छापलेले असतात आणि त्यांचा आकार १९५० च्या दशकात अमेरिकेत अशा बेतानं घडवला गेला, की यंत्राच्या डोक्याखालून जाताना प्रत्येक आकडा आपापला वेगळा चुंबकीय ठसा उमटवेल. आपल्या चेकवरही तेच आकडे आहेत. फोनच्या कॅमेऱ्याला मात्र चुंबकत्व कळत नाही. तो नुसत्या आकारावरून आकडे ओळखतो, आणि ओळखण्यात चूक झाली तर ती पकडण्याची सोय आकड्यांतच करून ठेवलेली आहे. अमेरिकी चेकवर बँकेचा नऊ आकडी क्रमांक असतो. त्या नऊ आकड्यांना ओळीनं ३, ७, १, ३, ७, १, ३, ७, १ यांनी गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे.

न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या बँकेचा क्रमांक घेऊ: ०२१००००२१. शून्यं सोडली तर उरतं दुसऱ्या जागी २ गुणिले ७, म्हणजे १४. तिसऱ्या जागी १ गुणिले १, म्हणजे १. आठव्या जागी पुन्हा १४ आणि नवव्या जागी १. बेरीज ३०. दहानं भाग जातो, क्रमांक खरा. आता समजा घडीच्या सावलीमुळे आठव्या जागचा २ कॅमेऱ्याला ७ वाटला. मग तिथं ४९ येतात, बेरीज होते ६५ आणि यंत्र थबकतं. एकच आकडा चुकला तर ही युक्ती ती चूक हटकून पकडते. चेकला घडी पडली असेल तर तो रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावा, हा सल्ला म्हातारपणचा वाटतो. पण घडी त्या आकड्यांवरून गेली असेल तर त्याच्याइतका दुसरा उपाय नाही.

कोपरे, उजेड, आकडे सगळं जुळलं. भाचीनं चेकच्या मागे सही केली, बँकेचे ठरावीक शब्द लिहिले, दोन्ही फोटो पाठवले. ॲपनं घेतले आणि स्थिती दाखवली `Pending`. घरात सगळ्यांना वाटलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी ईमेल आला: चेक नाकारला, मागच्या बाजूची सही अपुरी.

आपल्याकडे या मागच्या बाजूचं फारसं मनावर घेत नाहीत. ‘खात्यात जमा’ असा रेखांकित चेक पेटीत टाकताना मागे खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहिला की झालं. ज्याच्या नावे चेक, त्याच्याच खात्यात तो जमा होणार, सहीची गरज नाही. अमेरिकेत घेणाऱ्याची मागची सही हा हक्क बजावण्याचा भाग आहे आणि ती कुठे करायची हेही ठरलेलं आहे: चेक उलटल्यावर एका टोकाची सुमारे दीड इंचाची पट्टी. त्याखालची जागा बँकांच्या शिक्क्यांसाठी. सही त्या पट्टीबाहेर गेली, किंवा मार्करनं केली आणि शाई पुढच्या बाजूला फुटून रकमेवर काळे डाग आले, तर चित्र पुन्हा कसोटीत नापास.

सहीखाली लिहायचे शब्द असे:

`For Mobile Deposit Only`

काही बँका यापुढे बँकेचं नाव किंवा खाते क्रमांकही लिहायला सांगतात. हे शब्द शोभेचे नाहीत. फोटोनं पैसे मिळाले तरी कागद खातेदाराच्याच हातात राहतो आणि तो घेऊन कोणी दुसऱ्या बँकेत गेला तर एकाच चेकचे दोनदा पैसे निघू शकतात. १ जुलै २०१८ पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या नियमानं ही जोखीम फोटो स्वीकारणाऱ्या बँकेवर टाकली. दुसऱ्या बँकेनं मूळ कागद भाबडेपणानं घेतला आणि तो पुढे परत आला, तर तिचं नुकसान फोटोवाल्या बँकेनं भरायचं. पण कागदावर ‘फक्त मोबाइलनं भरण्यासाठी’ असं लिहिलेलं असेल तर कागद घेणाऱ्याला तो दावा करता येत नाही. हे चार शब्द लिहिलेले नाहीत म्हणून चेक नाकारणारी बँक आपला खिसा जपत असते.

भाचीनं शब्द बरोबर लिहिले होते. गाठ दुसरीकडे होती. घरमालकानं चेक नवरा-बायको दोघांच्या नावे काढला होता आणि दोन नावांमध्ये ‘अँड’ छापलं होतं. ‘ऑर’ असतं तर दोघांपैकी कोणाचीही एक सही चालली असती. ‘अँड’ला दोघांच्या सह्या लागतात. शिवाय अनेक बँका आग्रह धरतात की ज्यांची नावं चेकवर आहेत ते सगळे त्या खात्याचे खातेदार असावेत. भाचीनं फोटो भरला होता स्वतःच्या एकटीच्या खात्यात. नवरा न्यू जर्सीत, चेक चलथाणमध्ये. सहीचा फोटो मागवून चिकटवण्याचा बेत एकानं सुचवला. तो खोटेपणा ठरतो, हे त्याला तिथल्या तिथे सांगितलं.

मराठी माणसाला या मागच्या बाजूवर आणखी एक खड्डा ठरलेला आहे. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. पासपोर्टवर एक क्रम, खात्यात दुसरा, आणि चेक लिहिणाऱ्यानं मधलं नाव आडनाव समजून तिसराच केलेला. तिथल्या व्यापारी कायद्यात यावर साधा तोडगा आहे. चेकवर जसं नाव चुकून लिहिलं आहे तशी एक सही करायची आणि तिच्याखाली आपल्या खऱ्या नावाची दुसरी. चेकच्या पुढच्या बाजूवर मात्र स्वतः पेन चालवायचं नाही. तिथली खाडाखोड म्हणजे चेकमध्ये फेरफार.

आता पुन्हा भरण्याचं. इथं बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण ‘नाकारला’ हा एकच शब्द तीन वेगळ्या घटनांना वापरला जातो आणि प्रत्येकीनंतर करायचं काम वेगळं आहे.

पहिली घटना फोटो काढतानाच घडते, जशी आमची फरशीवर घडली. बँकेच्या नोंदीत अजून काहीच गेलेलं नसतं. चादर बदला, उजेड बदला, भिंगावरचा बोटाचा डाग पुसा आणि हवे तितके फोटो काढा.

दुसरी घटना काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी घडते. फोटो स्वीकारला गेला, तपासणीत अडला आणि `Rejected` असा निरोप आला. निरोपात कारण असतं. ते दुरुस्त करून तोच चेक पुन्हा भरता येतो. पण निरोप येण्याआधी नाही. `Pending` दिसत असताना दुसऱ्यांदा फोटो पाठवला, की यंत्र बँकेचा क्रमांक, खाते क्रमांक, चेक क्रमांक आणि रक्कम ताडून पाहतं आणि चेक दुसऱ्यांदा आला म्हणून अडवतं. मग चांगल्या चेकवरही संशयाचा शिक्का बसतो आणि माणसाशी बोलल्याशिवाय तो निघत नाही. एकदा दुरुस्त करून पाठवलेला फोटोही नाकारला गेला तर पुन्हा ॲपशी झुंजण्यात अर्थ नाही. कागद घेऊन त्याच बँकेच्या शाखेत जावं आणि पहिला फोटो नाकारल्याचा ईमेल सोबत ठेवावा. चेकच्या मागे त्याच बँकेचं नाव लिहिलेलं असेल तर बहुधा अडत नाही, दुसरीचं असेल तर अडतं.

तिसरी घटना वेगळीच. फोटो उत्तम होता, सही बरोबर होती, खात्यात रक्कम दिसलीही आणि काही दिवसांनी परत गेली: `Returned`. म्हणजे चेक काढणाऱ्याच्या खात्यात पैसे नव्हते, त्यानं चेक थांबवला, किंवा चेक शिळा झाला. तिथं सहा महिन्यांहून जुना चेक वटवायला बँक बांधील नसते. आपल्याकडे १ एप्रिल २०१२ पासून मुदत तीनच महिन्यांची आहे. अशा वेळी नव्यानं फोटो काढणं निरुपयोगी. चेक देणाऱ्याशी बोलावं.

भाचीचा चेक दुसऱ्या प्रकारात होता. चेकवर ९० दिवसांची मुदत छापलेली होती आणि त्यातले बरेच दिवस शिल्लक होते. तिनं चेक पुन्हा पर्समध्ये ठेवला, परत गेल्यावर नवऱ्यानं तिच्या सहीखाली त्याच पट्टीत सही केली, फोटो दोघांच्या संयुक्त खात्यात भरला आणि पैसे जमा झाले. कागद तिनं लगेच फाडला नाही. बँकेनं सांगितलेले दिवस उलटेपर्यंत तो जपून ठेवला, कारण तपासणीत शंका आली तर मूळ चेक मागितला जातो.

चलथाणमध्ये हे सगळं पाहणाऱ्यांचा एक प्रश्न होता: मग आपल्याला फोनवरून चेक का भरता येत नाही? गंमत अशी की फोटोलाच चेक मानण्यात आपण मागे नव्हतो. चेकच्या व्याख्येत त्याचं इलेक्ट्रॉनिक चित्र घालणारी आपल्या कायद्यातली दुरुस्ती ६ फेब्रुवारी २००३ ला लागू झाली. अमेरिकेनं ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं बंद पडून चेकांची पोती विमानतळांवर अडकलेली पाहिली, तेव्हा कायदा केला; त्यावर सही झाली ऑक्टोबर २००३ मध्ये आणि तो लागू झाला २८ ऑक्टोबर २००४ ला. तिथल्या एका बँकेनं २००९ मध्ये आयफोनवरून चेक घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे चित्र काढण्याचं काम बँकेनं स्वतःकडे ठेवलं. चलथाणच्या शाखेत टाकलेला चेकही पुढे जात नाही. तिथला स्कॅनर तीन चित्रं काढतो, पुढची बाजू करड्या छटांत आणि काळ्या-पांढऱ्यात, मागची काळ्या-पांढऱ्यात, आणि तीच चित्रं पैसे देणाऱ्या बँकेकडे जातात. ही पद्धत दिल्लीत १ फेब्रुवारी २००८ ला सुरू झाली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर शाखा ही चित्रं दिवसाअखेरच्या गठ्ठ्याऐवजी जसजशी तयार होतील तसतशी पाठवतात. पण पाठवण्याआधी कागद हातात घेऊन बघणं ही चेक घेणाऱ्या बँकेची जबाबदारी आहे. उजेडासमोर धरल्यावर दिसणारी ‘सीटीएस-इंडिया’ ही पाणखूण, अतिनील दिव्याखाली उजळणारं बँकेचं चिन्ह, ही खऱ्या कागदाची लक्षणं फोनच्या फोटोत येतच नाहीत. तो कागद बँकेला दहा वर्षं सांभाळावाही लागतो. सर्वसामान्य खातेदाराच्या हाती कॅमेरा देण्यात अडचण आहे ती ही.

म्हणून चलथाणमध्ये चेक भरणाऱ्याला फोटोची फिकीर नाही, तरी चेक लिहिणाऱ्यानं गडद निळ्या किंवा काळ्या बॉलपेननंच लिहावं, खाडाखोड करू नये आणि तळाच्या आकड्यांवर शिक्का किंवा सही जाऊ देऊ नये. तो चेकही शेवटी चित्र होऊनच प्रवास करणार आहे. आणि ज्यांची मुलं परदेशात फोननं चेक भरतात त्यांनी त्यांना एवढंच कळवावं: `Pending` असेल तर हात लावू नका, `Rejected` असेल तर कारण वाचून एकदा दुरुस्त करा, `Returned` असेल तर चेक देणाऱ्याला गाठा. आणि यातलं काहीही असलं, तरी कागद फाडू नका.